रडार लेव्हल ट्रान्समीटर: एम्प्टी-फुल अंतर आणि खोटे एको

एम्प्टी (0%) आणि फुल (100%) ही दोन्ही अंतरं फ्लँजच्या खालच्या पृष्ठभागापासून मोजा, नोझलच्या तळापासून नव्हे. समजा तिथून टाकीचा तळ 6.00 मीटरवर आहे आणि 100% पातळी 0.50 मीटरवर. मग एम्प्टी 6.00. फुल भरताना मात्र मॅन्युअल उघडाच: काही ट्रान्समीटर तिथे वरून खालचं अंतर मागतात (0.50), काही तळापासूनची उंची (5.50). इथे गल्लत झाली की सगळी रेंजच चुकते.

आता टाकी रिकामी होतेय, पण रीडिंग 51 टक्क्यांवर अडकतं. म्हणजे पातळी 2.80 मीटर, अर्थात वरून 3.20 मीटर. ड्रॉइंगमध्ये त्या अंतरावर शिडीचा ब्रॅकेट किंवा हीटिंग कॉइल सापडेल. एको कर्व्हमध्ये त्याच्या खोट्या एकोचा उंचवटा पातळी बदलली तरी जागचा हलत नाही, हीच त्याची खूण.

लगेच मॅपिंग करू नका, म्हणजे तो खोटा एको ट्रान्समीटरमध्ये साठवून दुर्लक्षित करायला लावू नका. आधी ट्रान्समीटर थोडा थोडा फिरवून तो एको कमीत कमी कुठे होतो ते पाहा. मॅपिंग त्यानंतर, शक्यतो टाकी रिकामी असताना आणि अ‍ॅजिटेटर चालू ठेवून, म्हणजे पात्यांचे एकोही नोंदले जातात. टाकी रिकामी करता येत नसेल तर खऱ्या पातळीच्या अर्धा मीटर अलीकडेच थांबा: द्रव वरून 4.00 मीटरवर असेल तर मॅप वरून 3.50 पर्यंत. मॅप द्रवाच्या पृष्ठभागापलीकडे गेला तर खरा एकोच खोटा म्हणून साठवला जातो आणि पुढे पातळी तिथे आली की ट्रान्समीटरला ती दिसत नाही.