यजमान कंपनीकडून निमंत्रणपत्र मागवताना

बिझनेस व्हिसासाठी पत्र हवं असेल तेव्हा यजमान कंपनीला नुसतं ‘इन्व्हिटेशन लेटर पाठवा’ असं कळवू नका. समोरचा माणूस जुनं एखादं पत्र उघडतो, नाव बदलतो आणि पाठवून देतो. त्यापेक्षा मजकुराचा कच्चा मसुदा तुम्हीच करून द्या. त्यांनी तो तपासून लेटरहेडवर घ्यायचा. याचं कोणाला वाईट वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

सगळ्यात जपून लिहायचा तो हेतू. समजा, तुमच्या कंपनीने मागवलेल्या मशीनची चाचणी पाहायला तुम्ही निघाला आहात. पत्रात ‘मशीन बसवण्यासाठी सहकार्य’ असं आलं, की व्हिसा अधिकाऱ्याला त्यात काम दिसतं आणि वर्क परमिटचा प्रश्न निघतो. ‘चाचणीला उपस्थित राहणे, तांत्रिक चर्चा आणि पुढील खरेदीची बोलणी’ असं नेमकं लिहिलं तर चित्र स्पष्ट होतं. पण खरोखरच तिथे पाना हातात घेऊन मशीन बसवायचं असेल, तर शब्द फिरवू नका. तो व्हिसाच वेगळा असू शकतो. आधी एचआरला विचारा.

तारखांचा घोळ फार साधा असतो. बैठका १० ते १४ मार्च, पण तुम्ही पोहोचणार ९ ला आणि निघणार १५ ला. पत्रात फक्त १० ते १४ आलं, तर ते तिकीट आणि विम्याशी जुळत नाही. म्हणून बैठकांच्या तारखा वेगळ्या आणि एकूण मुक्काम ९ ते १५ असा वेगळा लिहून घ्या. पुन्हा जावं लागणार असेल तर पुढच्या भेटींचं कारण आणि अंदाजे महिने पत्रातच हवेत, नाहीतर मल्टिपल एंट्री मागायला आधार उरत नाही.

मागणीचा मेल असा पुरे:

‘नमस्कार, १० ते १४ मार्चच्या बैठकांसाठी मला व्हिसाचा अर्ज करायचा आहे. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि पत्राचा मसुदा जोडला आहे. प्रवास आणि राहण्याचा खर्च माझी कंपनी करणार आहे. कृपया लेटरहेडवर, सही करणाऱ्यांचं नाव, हुद्दा व फोन नंबर घालून २ फेब्रुवारीपर्यंत पाठवाल का?’

खर्चाचं वाक्य तुमच्या कंपनीच्या पत्राशी जुळलंच पाहिजे. दोघांनीही हॉटेलचा खर्च ‘आम्ही करू’ म्हटलं की शंका येते. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्यात वडिलांचं नाव असेल तर त्यासकट. आणि सही करणाऱ्याला तुमची भेट माहीत असू द्या, कारण वकिलातीतून फोन गेला तर तोच उचलणार.

काही देशांत कंपनीचं पत्र पुरत नाही, यजमानाला तिथल्या सरकारी कार्यालयातून निमंत्रण काढावं लागतं. त्यामुळे मसुदा करण्याआधी वकिलातीची कागदपत्रांची यादी उघडा. मूळ प्रत लागते की स्कॅन चालतं, हेही तिथेच कळेल.