सारसाचं घरटं नकाशावर झाकताना या चुका टाळा

गोंदिया-भंडाऱ्याकडे रोवणी आटोपली की सारसाची जोडी धानाच्या बांधीत नाहीतर बोडीच्या कडेला घरटं मांडते. सर्वेक्षणातले तरुण त्याची जीपीएस नोंद घेतात आणि अहवालाच्या घाईत नकाशा तयार करतात. जागा झाकलीय असं त्यांना मनापासून वाटतं, पण बहुतेक वेळा ती झाकलेली नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घरट्याभोवती १ किलोमीटरचं वर्तुळ काढून "घरटं यात कुठेतरी आहे" असं लिहिणं. बफर काढला की घरटं वर्तुळाच्या बरोबर मध्यावर येतं, आणि मध्य काढायला शाळेतली भूमिती पुरते. ही चूक मीही केली आहे. त्या वर्षी बांधीच्या मालकाने घरट्याभोवतीचा तुकडा रोवायचा सोडला होता आणि पोरांना तिकडे फिरकू देत नव्हता. नकाशा लागला आणि पुढच्याच रविवारी धुऱ्यावर मोठ्या लेन्सवाले सहा-सात जण उभे. ते तासभर हलले नाहीत, तेवढा वेळ जोडी लांब उभी राहिली आणि कावळ्यांनी दोन्ही अंडी फोडली. मालक मला म्हणाला, "भाऊ, म्या तं कोणाले सांगितलं नाही. मंग या लोकाइले कसं समजलं?" माझ्या नकाशावरून समजलं, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

वर्तुळ सोडलं की लोक बिंदू यादृच्छिक सरकवतात. एकदाच सरकवला तर ठीक. पण सारसाची जोडी बहुधा तोच परिसर धरून राहते. दरवर्षी नवा सरकवलेला बिंदू छापला, किंवा एकाच नकाशात जोडी, अंडी, पिल्लं अशा तीन नोंदी वेगवेगळ्या सरकवल्या, तर त्यांची सरासरी खऱ्या जागेकडे येत जाते. जितके जास्त नकाशे, तितकी ती जवळ.

म्हणून मी फक्त चौकट वापरतो. समजा नोंद 21.3472, 80.3168 आहे (आकडे मनाचे आहेत). ०.१ अंशाच्या चौकटीत ती अक्षांश 21.3 ते 21.4, रेखांश 80.3 ते 80.4 मध्ये पडते. आपल्या भागात ही चौकट उत्तर-दक्षिण साधारण ११ आणि पूर्व-पश्चिम साधारण १० किलोमीटर भरते. चौकटी घरट्यावरून नाही, पृथ्वीच्या अंशांवरून आखलेल्या असतात. त्यामुळे दहा वर्षं नोंद केली तरी तीच चौकट रंगते आणि सरासरीतून काही हाती लागत नाही. क्यूजीआयएसमध्ये `Create grid` ने, प्रकार `Rectangle` आणि प्रणाली `EPSG:4326` निवडून, ०.१ अंशाची जाळी आखा. तिची हद्द पूर्ण दशांशावर सुरू करा, थराच्या हद्दीवर नको. मग `Count points in polygon` चालवा आणि नकाशात चौकट द्या. चौकटीच्या मध्यावर टाचणी लावू नका, लोक ती घरट्याची जागा समजून दुसऱ्याच कोणाच्या बांधीत शिरतात.

इथे दोन ठिकाणी जाळी फसते. एक, नकाशा सुबक दिसावा म्हणून जाळी गावाच्या शिवेवर कापली जाते. चौकटीचा कोपराच शिवेत येत असेल तर १० किलोमीटरची चौकट पाचशे मीटरच्या तुकड्यावर येते. जाळी कापू नका. दोन, चौकट लहान घेतली आणि तिच्यात एकच मालगुजारी तलाव असला, तर सारस कुठे हे वाचणारा न विचारता ओळखतो. छापण्याआधी मी उपग्रह चित्रावर चौकट टाकून तिच्यातले तलाव आणि बोड्या मोजतो. पाचच्या खाली निघाल्या तर चौकट मोठी करतो. पाच हा माझा सवयीचा आकडा आहे. एकाच गावाच्या जैवविविधता नोंदवहीचा नकाशा असेल तर गावच चौकटीपेक्षा लहान असतं, म्हणून त्यात सारसाचं चिन्ह टाकतच नाही, तालुक्याच्या नकाशात टाकतो.

बिंदू थर लपवला की काम झालं असं मानणाऱ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो: `qgis2web` ने वेबनकाशा काढताना बिंदू थर निवडलेला राहिला, तर त्याचे अक्षांश-रेखांश `data` किंवा `layers` फोल्डरमधल्या फाइलमध्ये जसेच्या तसे जातात. रंग पारदर्शक केला तरी जातात. माझ्या छापायच्या प्रोजेक्टमध्ये मूळ थर कधी उघडलेलाच नसतो, तो वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. तयार फाइल नोटपॅडमध्ये उघडून `21.34` शोधतो. सापडलं तर सगळं पुन्हा.

फोटोतली जीपीएस माहिती काढा, मागे तलावाची पाळ किंवा देवळाचा कळस दिसत असेल तर तो फोटो देऊच नका. शेरा रकान्यातलं "अमक्याच्या बांधीजवळ" पुसा.

आणि "पिल्लं उडाली की मग खरी जागा छापू" हा उपाय वनस्पतींना लागू करू नका. सफेद मुसळीची पानं पावसाळ्यानंतर वाळतात, पण मुळ्या जमिनीत तिथेच असतात. खोदणारा पुढच्या वर्षीही त्याच नकाशावरून येतो.