पीएफचं पासबुक वाचताना

पासबुकात तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन. पहिले दोन आकडे सारखे नाहीत म्हणून अनेकजण घाबरतात, पण बहुतेक वेळा तो घोळ नसतो.

समजा मूळ पगार अधिक महागाई भत्ता मिळून 20,000 रुपये आहेत आणि पीएफ पूर्ण पगारावर कापला जातो. तुमचे 12 टक्के म्हणजे 2,400 रुपये. कंपनीही 2,400 च भरते, पण त्यातले 1,250 पेन्शनकडे जातात, कारण पेन्शनचे 8.33 टक्के जास्तीत जास्त 15,000 रुपयांवरच मोजतात. मालकाच्या रकान्यात उरतात 1,150. पगारपत्रकातली कपात आणि पहिला रकाना मात्र रुपयाला रुपया जुळायला हवा. एखादा महिनाच गायब असेल तर पगारपत्रक घेऊन थेट एचआरकडे जा.

व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, जमा मात्र वर्षातून एकदाच होतं. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. तुमच्या वाट्यात वर्षाच्या सुरुवातीला 1,00,000 असतील तर त्यावर 8,250, आणि दरमहा पडलेल्या 2,400 वर साधारण 1,089. एकूण 9,339 च्या आसपास. मधे पैसे काढले असतील तर कमी.

व्याजाची नोंद `Int. Updated upto 31/03/2025` अशी दिसते. ती काही महिने उशिरा आली तरी नुकसान नाही, हिशेब 31 मार्चचाच धरतात. पेन्शनच्या रकान्यात व्याज शोधू नका, तिथे ते पडतच नाही.