या चुका टाळा: म्युनिकची S1 पकडताना अर्धीच स्क्रीन वाचू नका

माझा आतेभाऊ म्युनिकला शिकायला आला, त्याच्या पाचव्या दिवशी त्याचा पुण्याचा मित्र विमानाने येणार होता. हा त्याला घ्यायला निघाला. ॲपवर विमानतळ टाकला, S1 ही लोकल दिसली, फलाट दिसला, फोन खिशात. तासाभराने मला फोन: "दादा, मी शेवटच्या स्टेशनवर उतरलोय, पण इथे विमानतळच नाहीये रे. कसलंसं गाव आहे." ते गाव म्हणजे फ्रायझिंग. मित्र तिकडे दोन बॅगा घेऊन ताटकळत उभा.

गाडी त्याने बरोबर पकडली होती, चुकला तो डबा. S1 बहुतेक वेळा दोन गाड्या एकमेकींना जोडून धावते आणि नॉयफार्न स्टेशनात त्यांची ताटातूट होते. पुढचा भाग फ्रायझिंगला जातो, मागचा विमानतळाला. म्हणून फलाटावरच्या पाटीवर Freising / Flughafen, म्हणजे फ्रायझिंग / विमानतळ, अशी दोन नावं दिसतात. त्याला वाटलं, आधी फ्रायझिंग लागेल, मग विमानतळ. नव्या माणसाला तसंच वाटणार. ॲपमध्ये प्रवासाचा तपशील उघडला की hinterer Zugteil, म्हणजे गाडीचा मागचा भाग, अशी बारीक अक्षरांतली सूचना असते. त्याने ती ओळ पाहिली होती, पण जर्मन कळत नाही म्हणून सोडून दिली. माझ्या मते खरी चूक हीच. न कळणारी ओळ तिथल्या तिथे भाषांतरात टाकून बघायची.

डब्यात चढण्याआधी त्याच्या बाहेरच्या पाटीवर Flughafen आहे का ते पाहा आणि आत शिरल्यावर पडद्यावर पुन्हा खात्री करा. पुढच्या भागात बसला असाल तर आतून चालत मागे जाता येत नाही, कारण जोडलेल्या दोन गाड्यांमध्ये वाटच नसते. नॉयफार्नला गाडी काही मिनिटं थांबते. तेवढ्यात फलाटावर उतरायचं आणि मागच्या भागात चढायचं. बॅगा असतील तर आधीच दाराशी येऊन थांबा.

नॉयफार्ननंतर खिडकीतून Pulling ही पाटी दिसली, तर तुम्ही फ्रायझिंगच्या वाटेवर आहात. तिथे घाबरून उतरू नका. पुढे फ्रायझिंगलाच उतरा, स्टेशनासमोरून ६३५ नंबरची बस थेट विमानतळावर नेते, साधारण वीस मिनिटांत. भावाला मी फोनवर तेच सांगितलं.

परतीच्या S1 ला ही भानगड नाही. विमानतळावरून निघालेला भाग नॉयफार्नला दुसऱ्या भागाला जोडला जातो आणि गाडी सरळ शहरात येते. जाताना हे सगळं टाळायचं असेल तर S8 धरा. तीही विमानतळालाच जाते, फक्त शहराच्या पूर्वेकडून, आणि वाटेत कुठेही तुटत नाही. मित्राला घेऊन परतताना भावाने तीच पकडली.