खोबरं विसाव्या तारखेला का संपतं? आठवड्याचं रात्रीचं जेवण ठरवताना या चुका टाळा

खान्देशात चौघांच्या घरी रात्रीचं शाकाहारी जेवण महाग पडतं ते भाजीमुळे किंवा भाकरीमुळे नाही. ते महाग करतं वाटण आणि त्यावरची तर्री. सुकं खोबरं, शेंगदाणे आणि तेल महिन्याच्या किराण्यात एकदाच भरले जातात. रोजच्या भाजीसारखे पैसे मोजून ते येत नाहीत, म्हणून हातही मोजून टाकत नाही. मग विसाव्या तारखेला डबा खडखडू लागतो आणि उरलेले दहा दिवस पाव किलो, अर्धा किलो असं किरकोळ भावात आणावं लागतं.

पहिली चूक: आठवडा भाज्यांच्या नावांनी ठरवणं

सोमवारी शेवभाजी, मंगळवारी पातोड्यांचा रस्सा, बुधवारी भरीत, गुरुवारी वांग्याचा रस्सा, शुक्रवारी बटाट्याचा रस्सा. कागदावर पाच वेगळ्या भाज्या दिसतात. पातेल्यात मात्र चार दिवस तेच वाटण आहे. यादी करताना भाजीच्या नावापुढे तेल किती आणि खोबरं किती हे दोन आकडे लिहिले की ही गोष्ट लगेच डोळ्यांत येते.

चौघांच्या रश्शाला साधारण ७५ मिली तेल, ४० ग्रॅम सुकं खोबरं आणि ३० ग्रॅम शेंगदाणे लागतात. साध्या सुक्या भाजीचं ३० मिली तेलात भागतं, खोबरं लागतच नाही. आता चार रश्शांपैकी तीन काढून त्या जागी साधे पदार्थ आणले तर किती वाचतं ते पाहू. हिशेबापुरते भाव असे धरू: तेल १६० रुपये लिटर, खोबरं ३०० रुपये किलो, शेंगदाणे १४० रुपये किलो. तुमच्या दुकानातला भाव वेगळा असेल तर तो घाला.

काढलेल्या तीन रश्शांत २२५ मिली तेल जातं. त्यांच्या जागी खाली दिलेल्या यादीतले बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारचे पदार्थ केले तर १०५ मिली लागतं. म्हणजे १२० मिली तेल वाचलं, त्याचे १९ रुपये. खोबरं १२० ग्रॅम वाचलं, त्याचे ३६. शेंगदाणे ९० ग्रॅम, त्याचे साधारण १३. आठवड्याला ६८ आणि चार आठवड्यांना २७२ रुपये. ज्वारी ४५ रुपये किलो धरली तर ही सहा किलो ज्वारी झाली. पुढे दिलेल्या हिशेबाने चौघांच्या रात्रीच्या भाकरीला आठवड्याला ३.३ किलो पीठ पुरतं, त्यामुळे जवळपास दोन आठवड्यांच्या भाकरी तर्रीवर तरंगत होत्या.

याचा अर्थ रस्सा बंद करा असा नाही. आठवड्यातून एकदा करा आणि तो नीट करा.

बाजाराच्या दिवसापासून सुरू होणारा एक आठवडा

दुसरी सवयीची चूक म्हणजे यादी सोमवारपासून सुरू करणं. तुमच्या गावचा बाजार ज्या दिवशी असेल तो पहिला दिवस धरा. खाली रविवार धरला आहे. जी भाजी लवकर कोमेजते ती आधी संपवायची, टिकाऊ भाजी आणि डाळी शेवटी ठेवायच्या. एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात मेथी आणि पोकळा दुसऱ्या दिवशीच माना टाकतात, तेव्हा 'मेथी बुधवारी करू' म्हणणारी यादी त्याच दिवशी मोडते.

रविवारी पोकळा किंवा मेथीच्या दोन जुड्या, लसूण-मिरचीवर परतून. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तेल ३० मिली.

सोमवारी एक किलो हिरव्या वांग्यांचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि मूठभर शेंगदाणे. पुन्हा कळण्याची भाकरी. तेल ५० मिली.

मंगळवारी खिचडी: तांदूळ ३०० ग्रॅम, तूरडाळ १२५ ग्रॅम. वरून लसणाच्या फोडणीचं तेल घेण्याची आपली पद्धत धरून तेल ४५ मिली. हे तेल वाटीत काढून ताटावर चमच्याने वाढा. बाटली पंगतीत फिरली की हिशेब संपला.

बुधवारी गिलक्यांची भाजी, त्यात ७५ ग्रॅम मूगडाळ आणि भाकरी. तेल ३० मिली.

गुरुवारी २०० ग्रॅम तूरडाळीचे फुणके, म्हणजे वाफवलेले मुटके, कढी आणि भाकरी. तेल ४० मिली.

शुक्रवारी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, १०० ग्रॅम तूरडाळीचं पातळ वरण आणि भाकरी. तेल ३५ मिली.

शनिवारी शेवभाजी आणि भाकरी. तेल ७५ मिली.

आठवड्याचं तेल झालं ३०५ मिली. रात्रीच्या स्वयंपाकासाठी एक वेगळी बाटली ठेवा आणि रविवारी सकाळी तेवढंच तेल तिच्यात भरा. गुरुवारी सकाळी बाटली अर्धी दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर बहुधा मंगळवारची खिचडी किंवा सोमवारचं भरीत सढळ हाताने झालं आहे. भरतासोबत पुऱ्या तळल्या असतील तर शोध घ्यायची गरजच नाही.

डाळ दोनदा मोजू नका

कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद हे प्रमाण चौघांच्या घराला परवडतं. उडदामुळे भाकरीतच डाळ आलेली असते, म्हणून त्या रात्री वेगळं वरण लावायची गरज नसते. पालेभाजी, ठेचा, कांदा एवढं पुरतं. चूक होते ती इथे: कळणाही दळला जातो आणि सवयीने कुकरमध्ये तूरडाळही चढते. अख्खा महिना कळणाच खायचा असं ठरवलं तर पीठही महाग पडतं, कारण उडीद ज्वारीच्या दुपटीहून जास्त भावाने येतात.

म्हणून दोन पिशव्या करा. चौघांना रात्री सहा भाकरी, म्हणजे साधारण ५५० ग्रॅम पीठ. कळण्याच्या दोन रात्रींसाठी ९०० ग्रॅम ज्वारी आणि २२५ ग्रॅम उडीद. उरलेल्या चार रात्रींसाठी २.२ किलो ज्वारी, शक्य असेल तर दादर जातीची.

महिन्याचं पीठ एकदम दळून आणू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते. मग कंटाळून गव्हाच्या पोळ्या होतात आणि पोळ्यांना तेल लागतं. विरी गेलेलं पीठ घरात असेलच तर उकळत्या पाण्यात भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग तळहाताने चांगलं मळा. कळण्यात ही अडचण कमी येते, उडदाचा चिकटपणा पीठ धरून ठेवतो.

रश्शाला तर्री येत नाही म्हणून तेल वाढवणं

तर्री कमी आली की बहुतेक जण पुढच्या वेळी जास्त तेल घालतात. बहुतेकदा तेल पुरेसं असतं, ते वर येत नाही एवढंच.

यामागे तीन कारणं असतात. वाटण कच्चं राहिलेलं असतं. मंद आचेवर परतताना वाटणाचा गोळा कढईची कड सोडतो आणि कडेने तेल दिसू लागतं, तोवर पाणी घालायचं नाही. याला आठ-दहा मिनिटं लागतात. दुसरं, परतलेल्या मसाल्यावर नळाचं गार पाणी ओतलेलं असतं. गार पाण्याने कढई एकदम थंड होते, तेल मसाल्यातच अडकून राहतं आणि रस्सा मातकट दिसतो. शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवा, आधी अर्धी वाटी घालून मसाला हलवा, मग उरलेलं घाला. तिसरं, खोबरं न भाजता वाटलेलं असतं. ते तांबूस होईपर्यंत भाजलं की त्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि तर्रीत भर पडते. काळं पडलं तर मात्र तो तुकडा टाकून द्या, एका करपलेल्या तुकड्याने सगळा रस्सा कडवट होतो.

शेवभाजीत आणखी एक खर्च दडलेला असतो. शेव रश्शात आधी टाकून ठेवली तर ती रस्सा पिते आणि फुगते, रस्सा कमी पडतो, मग पाणी, मग मसाला, मग पुन्हा शेव. जाड, तिखट, भाजीची म्हणून मिळणारी शेव घ्या. माणशी ४० ग्रॅम, म्हणजे १६० ग्रॅम शेव ताटात वाढताना रश्शात टाका. बारीक शेव विरघळून पिठलं होतं.

गुरुवारचे फुणके बिघडले तर

वाटणाशिवाय पोट भरणारा आणि चवीला उतरणारा पदार्थ आठवड्यात एक तरी हवा, नाहीतर घरची मंडळी बुधवारीच शेवभाजी मागतात. फुणके त्या जागी चपखल बसतात. ते बिघडले तर रात्री ऐनवेळी दुसरी भाजी करावी लागते, आणि तिथेच आठवडा घसरतो.

तूरडाळ तीन ते चार तास भिजवा. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या आणि पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटा. फुणके चिकट, गिच्च झाले तर वाटण फार बारीक झालं किंवा डाळीत पाणी राहिलं. मुटका वळतानाच फुटत असेल तर डाळ फारच जाड राहिली आहे, थोडी डाळ काढून बारीक वाटा आणि मिसळा. त्यात मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, मीठ आणि कांद्याची पात उरली असेल तर तीही घाला. मुटके वळून चाळणीत १५ ते २० मिनिटं वाफवा. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाले.

कढीचं ताक फुटतं ते बेसन न घालता मोठ्या आचेवर उकळल्यामुळे. पाऊण लिटर ताकाला दोन चमचे बेसन आधी थंड ताकातच कालवा, पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका आणि मीठ शेवटी घाला.

डाळ भिजवायची राहूनच गेली तर गुरुवार आणि शुक्रवार बदला. गंगाफळ चिरलं नसेल तर त्याला काहीच होत नाही, ते आज चिरलं काय आणि उद्या काय.