सव्वासातचा गजर

संध्याकाळी सव्वासातला फोनवर गजर लावा आणि त्याला ‘डायरी’ असं नाव द्या. आमच्याकडे आधी ‘अभ्यास’ असं नाव होतं. तो वाजला की तिसरीतला लेक बाथरूममध्ये जाऊन बसायचा. वेळ सव्वासातचीच हवी, कारण कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान नऊला बंद होतं आणि ‘उद्या घोटीव कागद आणि फेविकॉल न्यायचाय’ हे वाक्य घरात नेहमी साडेनऊनंतरच ऐकू येतं.

म्हणून गृहपाठाआधी दप्तर. ते सतरंजीवर पूर्ण रिकामं करायचं, वरवर चाचपायचं नाही. पहिली उघडायची ती डायरी. आजच्या पानावर काही लिहिलं नसेल तर ‘आज काहीच दिलं नाही’ हे लगेच खरं मानू नका. वर्गपाठाच्या वहीचं शेवटचं पान बघा. तिथे फळ्यावरून अर्धवट उतरवलेली ओळ सापडली तर फळा पुसेपर्यंत याचं लिहून झालं नव्हतं, एवढं कळतं. मग वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा नजर टाकायची. सही सगळं वाचून झाल्यावर. मी एकदा कुकरच्या शिट्टीसरशी सही ठोकली आणि पालकसभेची तारीख त्याच सहीच्या वर होती.

दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सूचना, पेन्सिलीचं टरफल आणि आंबूस वासाचा रुमाल निघतो. कंपासपेटीत टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर आणि पट्टी आहे ना, ते बघा. दुसरी पेन्सिल चैनीसाठी नाही. टोक मोडल्यावर शार्पनर मागत फिरण्यातच श्रुतलेखनाचे चार शब्द निसटतात.

आता गृहपाठ. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलंय. म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटं. पोर तासभर वहीपाशी अडलेलं असेल तर गृहपाठ जास्त आहे किंवा वर्गातलं काहीतरी डोक्यावरून गेलंय. दोन्हीही बाईंना कळायला हवं.

तपासणं म्हणजे दुरुस्त करणं नव्हे, हे मला उशिरा कळलं. परवा त्याच्या वहीत 304 वजा 178 चं उत्तर 274 होतं. मी खोडरबर उचललाच होता, पण मग प्रत्येक घर वेगळं वाचलं. आठातून चार गेले, चार. सातातून शून्य गेलं, सात. तिनातून एक गेला, दोन. म्हणजे हा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होता. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. खालच्या दोन गणितांतही तेच. वेंधळेपणाची चूक दरवेळी वेगळी असते. एकाच पद्धतीची चूक दिसली की समजावं, हातच्याची वजाबाकी कळलेली नाही. त्याला म्हटलं, ‘274 मध्ये 178 मिळव बघू.’ 452 आले. ‘अगं, हे तर जास्तच झालं!’ मग आम्ही शंभराच्या तीन नोटा आणि चार सुटे रुपये मांडले. दहाची नोट एकही नाही. त्यामुळे आधी एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा केल्या, त्यातली एक मोडून दहा रुपये सुटे केले, आणि त्यातून 178 काढल्यावर 126 उरले. वहीतलं 274 मी तसंच ठेवलं आणि डायरीत बाईंना एक ओळ लिहिली. घरी उत्तर सुधारून पाठवलं असतं तर बाईंनी बरोबरची खूण केली असती आणि विषय तिथेच मिटला असता.

भरताना दप्तर त्यानं भरायचं, आपण उद्याचं वेळापत्रक मोठ्यानं वाचायचं. एका विषयाला एक वही-पुस्तक आणि उद्या नसलेला विषय फळीवर. महिन्यातून एकदा वजन करा. मूल आधी नुसतं आणि मग दप्तरासह काट्यावर उभं राहिलं की झालं. त्याच धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. आमचा 24 किलोचा, म्हणजे 2.4 किलो. आमचं भरलं 3.3. पुस्तकांवर संशय होता, पण एक लिटर पाण्याचंच एक किलो होतं. शाळेत प्यायचं पाणी चांगलं आहे, म्हणून आता बाटली अर्धीच भरते. उरलेले चारशे ग्रॅम म्हणजे जुन्या, भरलेल्या वह्या निघाल्या.

शुक्रवारच्या गजराला फक्त एक जोड आहे: पीटीचा गणवेश धुवायला टाकणं. शनिवारी सकाळी ओला शर्ट इस्त्रीनं वाळवून पाहिलाय, कॉलर वाळत नाही.