पिशवीच्या तोंडावर नाबोथियन सिस्ट निघाली? या चुका टाळा

मी गायनॅक ओपीडीत नर्स आहे, आणि महिन्यातून दोन-तीन जणी तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन रडवेल्या होऊन येतात, कारण त्यात "नाबोथियन सिस्ट" लिहिलेलं असतं. मागच्याच महिन्यात एक ताई आल्या होत्या, वय 38, दोन नॉर्मल डिलिव्हऱ्या. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर गर्भाशयमुखात 8 एमएमची सिस्ट निघाली. 8 एमएम म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पण घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की गाठ आहे आणि एका ठिकाणी तर त्यांना पिशवीच काढून टाका असं सांगितलं होतं.

पहिली चूक इथेच होते, सिस्ट हा शब्द वाचून आपण थेट कॅन्सरची गाठ किंवा पीसीओडी समजतो. ही अंडाशयातली सिस्ट नाही, हिचा पीसीओडीशी संबंध नाही. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या अस्तरात चिकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात आणि बाहेरच्या बाजूला जाडसर, टणक थर असतो. वयात आल्यावर, बाळंतपणानंतर किंवा जुन्या सुजेनंतर हा बाहेरचा थर हळूहळू ग्रंथींवर पसरतो, एखाद्या ग्रंथीचं तोंड बंद होतं, आत स्राव साचतो, आणि वर गुळगुळीत पांढरा किंवा पिवळसर फुगवटा दिसतो, बस्स एवढंच. बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये हे खूप कॉमन आहे आणि त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. नाव पडलं ते मार्टिन नाबोथ या जर्मन डॉक्टरवरून, 1707 मध्ये त्यांनी याचं वर्णन केलं आणि त्यांना चक्क ही बाईची अंडी वाटली होती!

दुसरी चूक म्हणजे सगळ्या तक्रारी सिस्टच्या माथी मारायच्या. त्या ताईंना पांढरं जात होतं, खाज होती, दह्यासारखा स्राव होता, आणि त्यांना वाटत होतं सिस्ट फुटतेय. तपासल्यावर ते फंगल इन्फेक्शन निघालं, गोळ्यांनी आठवड्यात बरं वाटलं, सिस्ट मात्र होती तिथेच आहे आणि राहू दे. पोटदुखीचं कारणही वेगळं शोधावं लागतं, कारण छोट्या नाबोथियन सिस्टमुळे सहसा दुखत नाही, पाळी बिघडत नाही, आणि दिवस राहायलाही अडथळा येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, ती काढून टाकायचा आग्रह. सुई टोचली की आतला जेलीसारखा स्राव निघतो, पण तीच किंवा बाजूची परत भरू शकते. ती खूपच मोठी असेल, तिच्यामुळे तपासणीचा नमुना नीट घेता येत नसेल किंवा निदानाचीच शंका असेल तेव्हा डॉक्टर काढतात, बाकी वेळी नाही. आणि पिशवी काढायची तर यासाठी मुळीच नाही, हे मी कळकळीने सांगते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, त्यात कितीतरी जणींना पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारींवरून कॅन्सरची भीती घातली गेली होती. म्हणून कुणी ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या गायनॅककडे रिपोर्ट दाखवाच.

आता उलटी चूक पण सांगते. "सिस्ट निरुपद्रवी आहे" ऐकून काही जणी पॅप स्मिअरच टाळतात, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन कॅन्सरसाठी करायची तपासणी. सिस्टमुळे कॅन्सर होत नाही, पण ती आहे म्हणून कॅन्सरपासून संरक्षणही मिळत नाही ना, त्यामुळे तपासणी आपल्या वेळेला करायचीच. सरकारी दवाखान्यात तिशीनंतर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून तपासतात, एक मिनिट थांबून पांढरा डाग उठतो का ते पाहतात, त्यात नाबोथियन सिस्ट बटणासारखी पांढरट दिसू शकते पण ती पॉझिटिव्ह धरत नाहीत.

रिपोर्ट वाचताना एवढं बघा. सोनोग्राफीत ही सिस्ट गोल, कडा साफ, आत नुसतं पाणी असल्यासारखी काळी दिसते आणि डॉप्लरवर आत रक्तप्रवाह नसतो. पण आत घट्ट भाग असेल, खोलवर खूप सिस्ट एकत्र असतील, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, पाण्यासारखा भरपूर स्राव जात असेल, तर "नाबोथियनच असेल" म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. त्या ताईंना यातलं काहीच नव्हतं. स्मिअर नॉर्मल आला, पुढच्या स्मिअरची तारीख फाईलवर लिहून दिली, सिस्टसाठी एकही गोळी दिली नाही.